वाटणीच्या पत्राआधी वारस मोजा

“मानेवाड्याकडे वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला 3,000 चौरस फुटांचा (40 बाय 75) प्लॉट आहे. मृत्युपत्र न करता ते गेले. धाकट्या भावाला पाठवायच्या पत्रात मी रस्त्याकडचा अर्धा भाग मला आणि मागचा त्याला, असे सुचवले आहे. आई त्याच्याकडेच असते, ताईचे लग्न थाटात करून दिले. भाव चौरस फुटाला 4,000 रुपये आहे. वाटणीपत्र दोन महिन्यांत होते, असे बिल्डर म्हणाला, आणि माझे 60 लाख येतील म्हणून 65 लाखांच्या फ्लॅटला मी त्याला 5 लाख बयाणा दिला आहे. वाटणी योग्य आहे ना?”

तुमचे पत्र एकट्या भावाच्या नावाने जाऊच शकत नाही. हिंदू उत्तराधिकार कायदा, 1956 नुसार वडिलांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत त्यांची पत्नी, मुलगे आणि मुलगी यांचा सारखा वाटा असतो. म्हणजे आई, ताई आणि तुम्ही दोघे भाऊ, प्रत्येकी चौथा हिस्सा. लग्नाचा खर्च केला म्हणून मुलीचा हक्क संपत नाही. तिला तो सोडायचाच असेल, तर तिने स्वखुशीने केलेले नोंदणीकृत हक्कसोडपत्र लागते, स्टॅम्पपेपरवरची नोटरी चालत नाही.

आता हिशेब पाहा. प्लॉट सव्वा कोटीच्या आतला, तुमचा वाटा 60 नव्हे तर 30 लाख, तोही कर आणि खर्च वजा होण्यापूर्वीचा. बयाणा आणि हा वाटा धरून 65 लाखांतली उरलेली 30 लाखांची रक्कम साडेआठ टक्क्यांनी 15 वर्षांसाठी कर्जाऊ घेतली, तर हप्ता महिना सुमारे 29,500 रुपये येतो. वाटणीपत्र दोन महिन्यांत होते, असे ज्याने सांगून बयाणा घेतला, त्याला तुमच्या वारसांची संख्या ठाऊक नव्हती आणि जाणून घ्यायचीही नव्हती. पावतीवरची रद्द करण्याची अट आजच वाचा आणि मुदतवाढ किंवा परतावा लेखी मागा.

सुचवलेली आखणीही टिकणारी नाही, कारण मागच्या तुकड्याला रस्ताच नाही. दहा फुटांची वाट दिली, तर तुमच्या पुढच्या भागातले 375 चौरस फूट जातात आणि रुंदी तीस फुटांवर येते. चार तुकडे केले, तर प्रत्येकाला दहा फुटांची पट्टी येते, जिच्यावर सामासिक अंतरे सोडून घर बसत नाही. शिवाय सक्षम प्राधिकरणाकडून पोटविभागणी मंजूर झाल्याशिवाय नुसत्या वाटणीपत्राच्या जोरावर बांधकाम परवानगी मिळेल, असे धरून चालू नका.

म्हणून पत्र चौघांत वाचले जाईल असे नव्याने लिहा: आखीव पत्रिकेवरील क्षेत्रफळ, प्रत्येकाचा चौथा हिस्सा, नोंदणीकृत मूल्यांककाचा भाव आणि दोन पर्याय. एक, प्लॉट एकत्र विकून रक्कम चार ठिकाणी वाटणे; दुसरा, एकाने प्लॉट ठेवून उरलेल्या तिघांना त्यांच्या वाट्याची रक्कम देणे. कोणी नकार दिला, तर दावा दाखल करून न्यायालयाकडून वाटणी मागता येते, आणि जागा सोयीस्कर विभागता येत नसेल, तर 1893 च्या विभाजन कायद्याखाली विक्रीचा मार्ग आहे, पण तो वर्षांचा आहे आणि तुमचा बिल्डर तोवर थांबणार नाही. आईचा चौथा हिस्सा तिच्या स्वतःच्या खात्यात जाईल, हे पत्रात स्पष्ट लिहा.