ड्रायिंगची वेळ वाढवायचा फॉर्म परत का येतो

प्रश्न: हिंगण्याला मोल्डिंगमध्ये आहे. मंजूर प्रोसेसमध्ये नायलॉन 66 चं ड्रायिंग 80 अंश, 4 तास आहे. पावसाळ्यात पार्टवर सिल्व्हर मार्क येतात म्हणून 6 तासांसाठी चेंज रिक्वेस्ट दिली. क्वालिटीने ‘जस्टिफिकेशन अपुरं’ म्हणून परत पाठवली. काय लिहू?

उत्तर:
भाऊ, तुम्ही ‘दमट हवेमुळे रिजेक्शन वाढलं, वेळ वाढवणं आवश्यक’ असंच काहीतरी लिहिलं असणार. बुटीबोरीत असताना मीही हेच लिहिलं होतं. त्यात तक्रार आहे, पण वेळ वाढवल्यावर दाण्यातला ओलावा उतरतो याचा पुरावा कुठे आहे?

आमच्या क्वालिटीवाल्याने हेच विचारलं, तेव्हा चिडून हॉपरमधून दर तासाला दाणे काढून मॉइश्चर अॅनालायझरवर लावले. 4 तासांना 0.29 टक्के, 5 तासांना 0.27, 6 तासांनाही 0.27. डेटाशीटची मर्यादा 0.2. म्हणजे माझी मागणी मंजूर झाली असती तरी मार्क तसेच राहिले असते! ड्रायर साधा हॉट एअरचा होता. तो बाहेरचीच हवा तापवतो, तिच्यातलं पाणी काढत नाही. जुलैतली हवा आत गेली की दाणा एका मर्यादेखाली सुकतच नाही, वर जास्त तास ठेवला तर नायलॉन पिवळं पडायला लागतं.

म्हणून आधी तुमचा ड्रायर कोणता ते बघा. डिह्युमिडिफायिंग असेल आणि ड्यू पॉइंट उणे 30 च्या आसपास येत नसेल, तर डेसिकंट किंवा फिल्टर गेलंय. ती दुरुस्ती झाली, तिला चेंज रिक्वेस्ट लागत नाही.

हॉट एअरचा असेल तर मागणीच बदला. मी दुसऱ्यांदा लिहिलेलं साधारण असं होतं: ‘सध्याच्या ड्रायरवर 6 तासांनीही ओलावा 0.27 टक्के, मर्यादा 0.2. डिह्युमिडिफायिंग ड्रायरवर त्याच लॉटचा, 80 अंश व 4 तासांना 0.14. प्रस्तावित बदल फक्त ड्रायरचा. तापमान व वेळ तीच.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण काय बदलत नाही हे लिहिलं की सही करणाऱ्याची निम्मी भीती जाते.

पुढे पीएफएमईए, कंट्रोल प्लॅन आणि वर्क इन्स्ट्रक्शनमधल्या नेमक्या ओळी सांगा. ड्यू पॉइंट कोण, किती वेळाने बघणार हे कंट्रोल प्लॅनमध्ये नवीन येईल; बहुतेक जण तेच विसरतात. ऑटोचा पार्ट असेल तर ग्राहकाची मंजुरी आधी लागते का ते त्यांच्या अटींत तपासा, आणि ती येईपर्यंत ट्रायलचे पार्ट वेगळा टॅग लावून बाजूला ठेवा.

ट्रायल मात्र पावसाळ्यातच घ्या. मे महिन्यात, आपल्या नागपूरच्या कोरड्या उन्हात जुना ड्रायरही पास होऊन जाईल.