तोट्याच्या तिमाहीचं पत्र भागीदारांना कसं लिहावं?

"आमची चार भागीदारांची छोटी फर्म आहे. दोघं काम बघतो, दोघांनी फक्त भांडवल घातलंय. दर तीन महिन्यांनी मी त्यांना पत्र पाठवतो. या वेळी तोटा आहे. किती सांगू आणि कसं?"

आमचं मशीनिंगचं युनिट कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत आहे. भागीदार चारच: मी, माझा मित्र, माझे मेहुणे आणि एक निवृत्त शिक्षक. जुलै ते सप्टेंबरच्या एका तिमाहीनंतर मलाही हेच पत्र लिहावं लागलं होतं, त्यामुळे तेच सांगतो.

पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं, "बाजार मंद असल्याने तिमाही कठीण गेली." ते खोटं होतं. मशीनवर जॉब पकडून ठेवणाऱ्या आमच्या फिक्स्चरची झीज झाली होती, बदलायचं आम्ही दोन महिने पुढे ढकललं, आणि बोअरचं माप बाहेर गेलं. जुलैत ग्राहकाने दोन लॉट परत पाठवले आणि मे-जूनच्या बिलांचे ११ लाख अडवून ठेवले. त्यातल्या २ लाखांची डेबिट नोट आली, म्हणजे तेवढे ग्राहकाने बिलातून कापलेच. कारण आमच्या हातातलं होतं. ते लपवलं असतं तर भागीदार बाजार सुधारायची वाट बघत बसले असते.

मग आकड्याचा प्रश्न आला. हिशेबात तोटा १ लाख ४० हजार दिसत होता, कारण डेबिट नोटचे २ लाख आम्ही अजून 'येणे' म्हणूनच धरले होते. ते येणार नव्हते. म्हणून पत्राच्या पहिल्याच ओळीत लिहिलं, तोटा ३ लाख ४० हजार. तुम्हीही पत्र लिहायच्या आधी येणेबाकीची यादी घेऊन बसा आणि प्रत्येक नावापुढे स्वतःला विचारा, हे पैसे खरंच येणार आहेत का. वाईट बातमी बहुतेक वेळा त्या यादीतच दडलेली असते.

पण तोट्यापेक्षा मोठी अडचण बँकेची होती, आणि ती नफा-तोटा पत्रकात दिसतच नाही. आमची कॅश क्रेडिटची मर्यादा ३० लाख आणि उचल साडेचोवीस लाख. बघणाऱ्याला वाटेल, साडेपाच लाख शिल्लक आहेत. पण बँक पैसे देते ते दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून, आणि आमची बँक नव्वद दिवसांपुढची येणी त्यात धरत नाही. सप्टेंबरअखेर ते ११ लाख नव्वद दिवसांपलीकडे गेले. उरलं काय, तर देणी वजा करून १२ लाखांचा माल आणि १६ लाखांची ताजी येणी. त्या २८ लाखांतून बँकेचं पंचवीस टक्के मार्जिन गेलं की उचलता येतात २१ लाख; यालाच ड्रॉइंग पॉवर म्हणतात. म्हणजे शिल्लक तर नाहीच, उलट साडेतीन लाख भरायचे होते. हा हिशेब मी पत्रात असाच, एकेक ओळ करून लिहिला. शिक्षकांना ड्रॉइंग पॉवर हा शब्द माहीत नव्हता, हिशेब मात्र लगेच कळला.

हे सांगणं ऐच्छिक नाही. भागीदारी कायदा १९३२, कलम ९ नुसार फर्मवर परिणाम करणाऱ्या सगळ्या गोष्टींची पूर्ण माहिती भागीदाराला द्यावीच लागते. आणि कलम २५ प्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतो, मग तो कारखान्यात पाऊल टाकत असो वा नसो. मेहुण्यांचं घर ज्या कर्जाला बांधील ठरू शकतं, ते कर्ज अडचणीत आहे हे त्यांना न सांगणं मला जमलं नसतं. (तुमची फर्म एलएलपी असेल तर जबाबदारीचं हे गणित वेगळं आहे.)

शेवटी काय करणार ते लिहिलं, तारखांसकट:

"साडेतीन लाखांपैकी दोन लाख आम्ही दोघं आमच्या मोबदल्यातून सोडतो. उरलेल्या दीड लाखासाठी दोन वाटा आहेत. जुनं लेथ विकायचं, ज्याला दोन महिने लागतील; किंवा तुम्ही दोघांनी पंच्याहत्तर-पंच्याहत्तर हजार व्याजाने द्यायचे. वीस तारखेपर्यंत कळवा. अडकलेल्या नऊ लाखांपैकी किती येतील हे आज सांगता येत नाही, म्हणून पुढच्या तिमाहीच्या अंदाजात ते शून्य धरले आहेत."

पत्र पाठवण्याआधी दोघांनाही फोन केला. असं पत्र सकाळी एकट्याने उघडायला लागू नये.

मेहुणे चिडले, पण तोट्यावर नाही. म्हणाले, "लॉट जुलैत परत आले, मला ऑक्टोबरात सांगतोस?" त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून ठरलंय, एका ग्राहकाचे दोन लाखांहून जास्त अडले की त्याच आठवड्यात फोन, तिमाहीची वाट बघायची नाही. शिक्षक मात्र पैसे देण्याआधी युनिटवर आले, झिजलेलं फिक्स्चर हातात घेतलं आणि नवीन कितीला पडतं ते विचारलं. अठरा हजार, मी सांगितलं. पुढच्या पत्रात ते बदलल्याची तारीख मी पहिल्या ओळीत लिहिली.