पुन्हा सोडवून तपासलं, तरी उत्तर चुकलेलंच

"मॅडम, एसएचएमची गणितं मी दोनदा सोडवून तपासते. दोन्ही वेळा तेच उत्तर येतं, म्हणून निर्धास्त होते आणि नेमकं तेच चुकतं. मग तपासायचं तरी कसं?"

बारावीचा एक मुलगा हीच तक्रार घेऊन आला होता. मी फिजिक्सचीच, म्हणून त्याची वही मागितली. गणित असं होतं: ०.७५ किलोचा ठोकळा गुळगुळीत टेबलावर, दोन भिंतींच्या मधे. डावीकडची स्प्रिंग १०० न्यूटन प्रति मीटरची, उजवीकडची ३०० ची. आकृतीत सगळं एका रेषेत दिसतं म्हणून त्याने सिरीज धरली, k काढला ७५ आणि टाइम पीरियड ०.६३ सेकंद. आकडेमोड बिनचूक. दुसऱ्यांदा सोडवताना सिरीज तशीच राहिली, मग उत्तर वेगळं येणार कुठून?

त्याला म्हटलं, "सूत्र ठेव बाजूला. ठोकळा एक सेंटिमीटर उजवीकडे सरकव. काय होतं?" तो थोडा थांबला. "डावी ताणली जाते, एक न्यूटनने मागे ओढते. उजवी दाबली जाते, ती तीन न्यूटनने मागे ढकलते." म्हणजे चार न्यूटन, एका सेंटिमीटरला. k झाला ४००. ही जोडणी पॅरलल निघाली, आणि T = 2π√(m/k) ने टाइम पीरियड ०.२७ सेकंद. सिरीजचा k सगळ्यात मऊ स्प्रिंगपेक्षाही कमी येतो, पॅरललचा सगळ्यात कडकपेक्षा जास्त, हे खरं. पण त्याचा ७५ या कसोटीला उतरलाच असता, कारण जोडणीच चुकीची ओळखली होती. ती चूक फक्त ठोकळा मनात ढकलल्यावर सापडते.

पुढचा प्रश्न ऊर्जेचा. अ‍ॅम्प्लिट्यूड ४ सेंटिमीटर, तर २ सेंटिमीटरवर गतिज ऊर्जा किती? निम्म्या अंतरावर निम्मी, असं मुलं सर्रास लिहितात. यानेही तेच केलं होतं. एकूण ऊर्जा ०.३२ ज्यूल. स्थितिज ऊर्जा विस्थापनाच्या वर्गावर चालते, म्हणून २ सेंटिमीटरवर ती पाव, म्हणजे ०.०८, गतिज उरते ०.२४. दोन्ही समसमान होतात त्या जागी विस्थापन २.८ सेंटिमीटर असतं.

इथे तपासणी वेगाने करायला लावली. v² = ω²(A² − x²) मधून वेग आला ०.८ मीटर प्रति सेकंद, आणि ½mv² बरोबर ०.२४. मात्र ω मध्ये तोच k शिरतो. तो चुकला असेल, तर दोन्ही वाटांनी एकच चुकीचं उत्तर मिळतं आणि दोन्हीकडचे आकडे छान जुळतात. म्हणून ढकलून बघायचं ते आधी.

सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत उरकायचे असतात. तिथे प्रत्येक उत्तर दुसऱ्या वाटेने पडताळत बसणं परवडत नाही. तू स्प्रिंगच्या प्रश्नात एवढंच कर: आकडे घालण्याआधी आकृतीत ठोकळ्यावर दोन्ही बलांचे बाण काढ. दोन्ही एकाच दिशेला दिसले की k ची बेरीज.