मनीला सोडू का पाखरं देऊन टाकू?

*काकू, मागच्या दिवाळीत पोरीच्या हट्टापायी लव्हबर्डची जोडी आणली, छपरीत पिंजरा टांगला. घरात मनी आहे, कोठ्यातल्या तुरीला उंदीर लागतात म्हणून सासूबाईंनी पाळलेली. मागच्या आठवड्यात मनीनं पिंजऱ्यावर उडी घेतली, मी धावत जाऊन हाकललं. निळ्या पाखराला पंखाखाली जरासं खरचटलं होतं, रक्तही नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं दाणे खाल्ले अन तिसऱ्या दिवशी सकाळी मेलेलं दिसलं. आता हे म्हणतात मनीला पोत्यात घालून लांब सोडून येतो, सासूबाई म्हणतात पाखरं आणलीच काहून, अन पोरगी कोणाशीच बोलत नाही. घरात फिशटँक आहे, उन्हाळ्यात भाचा त्याचा हॅमस्टर घेऊन येणार आहे. काय करू?*
*— एक ताई, यवतमाळ जिल्हा*

ताई, मनीला सोडू नका. अनोळखी गावात सोडलेली मांजर एकतर कुत्र्यांच्या तावडीत सापडते नाहीतर उपाशी फिरते, अन इकडं तुमच्या कोठ्यात उंदीर वाढतात. ते उंदीर रात्री पिंजऱ्यावर चढून पाखरांचे पाय कुरतडतात, म्हणजे मनी गेली तरी पाखरं काही सुरक्षित होत नाहीत.

आधी त्या निळ्या पाखराचं सांगते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त तेच लागलं. मांजरीच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू असतात, ती पंजे चाटत राहते म्हणून नखांवरही येतात. माणसाला तिनं चावलं तं हात सुजतो, पण हे पाखरू तीस-पन्नास ग्रॅमचं, त्याच्या रक्तात ते जंतू गेले की दीडदोन दिवसात खेळ संपतो. जखम सुईच्या टोकाएवढी असली तरी तेच. अन पाखरू आजारपण शेवटपर्यंत दाखवत नाही, अंगात त्राण आहे तोवर दाणे टिपत राहतं. पत्रावरून अगदी छातीठोक नाही सांगता येत, भीतीच्या धक्क्यानंही पाखरं जातात, पण दुसऱ्या दिवशी खाल्लं अन तिसऱ्या दिवशी गेलं म्हणजे मला जंतूच वाटतात. तुम्ही वेळेवर धावला होता ताई, फक्त खरचटल्यावरही त्याच दिवशी औषध लागतं हे कोणी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

पुढं कधी मनीचा नुसता पंजा लागला अशी शंका जरी आली तरी पाखराला हलक्या हातानं धरा अन पिसांवर फुंकर मारा, पिसं बाजूला होतात अन खालची कातडी दिसते. लाल ठिपका असो नसो, भोकं पाडलेल्या खोक्यात मऊ फडकं टाकून त्याला अंधारात ठेवा अन त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. हळद, तेल, मलम काही लावू नका, तेलानं पिसं चिकटतात अन अंगाची ऊब जाते. चोचीत जबरदस्तीनं पाणी ओतू नका, श्वासात जातं. गावातले डॉक्टर बहुतेक गाई-बैल-शेळ्याच पाहतात, तरी "मांजरीनं धरलं आहे" हे पहिलं वाक्य सांगा म्हणजे अँटिबायोटिकचा विचार लगेच होतो. त्यांना पाखरांची सवय नसली तं नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा अकोल्याच्या पशुवैद्यक संस्थेत विचारा. मेडिकलमधून माणसाची गोळी आणून अंदाजानं पाजायची नाही, एवढ्याशा जिवाला डोस वजनावरच ठरतो.

आता घराचं. माझा नियम एकच आहे, मनी अन पाखरू यांच्यात कायम दोन बंद दारं पाहिजेत, एक पिंजऱ्याचं अन एक खोलीचं. बाजारातल्या पिंजऱ्याचं दार वर सरकणारं असतं, मांजरीनं खालून पंजा घातला की ते उचललं जातं, म्हणून त्याला क्लिप किंवा तार लावा. खालचा ट्रे तर नुसता सरकवलेला असतो, पिंजरा पडला की निसटतो अन पाखरू थेट बाहेर, तोही तारेनं बांधून टाका. उंच टांगलं म्हणून निश्चिंत राहू नका, धडधाकट मांजर उभ्या जागेवरून पाच फूट सहज उडते अन शेजारी कणगी किंवा खुर्ची असली तं त्याहून वर पोचते.

छपरीतून पिंजरा काढून आतल्या खोलीत न्या, पण नुसतं लाकडी दार लावून मोकळं होऊ नका, कारण आपल्याकडं मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो अन टिनाखालच्या बंद खोलीत पाखरू मनीशिवायच मरेल. म्हणून जाळीचं दार करा. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी चौकट करून घ्या, तिला पाव इंचाची वेल्डेड जाळी लावा (कोंबड्यांची षटकोनी जाळी नको, ती वाकते अन तिच्यातून पंजा जातो), आपोआप बंद व्हायला स्प्रिंग अन पोरीच्या हाताला येईल अशी कडी. दाराखाली पाव इंचाहून जास्त फट नको, नाहीतर उंदीर येतील. खिडकीलाही तीच जाळी. पिंजरा दारापासून दोनतीन हात लांब, भिंतीला घट्ट ठोकलेल्या ब्रॅकेटवर ठेवा अन कूलरचा झोत थेट त्यावर मारू नका.

जाळीच्या दाराचा एक तोटा आहे, मनी बाहेर बसून टक लावून पाहत राहते. आपल्याला वाटतं बसली तं बसली, पण पाखराला ती शिकारी दिसते. ते एकाच कोपऱ्यात पिसं अंगाला चिकटवून, मान ताठ करून बसतं, किलबिल बंद करतं, रात्री अचानक फडफडून दांडीवरून पडतं. असं दिसलं तं दाराचा खालचा भाग चारेक फूट पत्र्यानं किंवा जाड कापडानं झाका, हवा वरून येत राहते.

हॅमस्टर आला की त्यालाही ह्याच खोलीत जमिनीवर ठेवा, जमीन थंड असते. तो रात्री जागतो अन मनीही तिन्हीसांजेपासून हिंडायला लागते, म्हणजे दोघांची वेळ एकच. तारेचा पिंजरा असेल तं पंजा आत जातो, काचेची पेटी अन वर क्लिप लावलेलं जाळीचं झाकण बरं पडतं. पण त्याला तिशीच्या वरची गरमीच सोसत नाही, पेटीत मातीच्या कवेलूचा तुकडा ठेवा अन तो पसरून पडला, तोंडाशी ओलं दिसलं की लगेच गार जागी हलवून डॉक्टरला फोन लावा. खरं सांगू, एप्रिल-मेमध्ये खोलीत कूलर चालणार नसेल तं भाच्याला आधीच सांगा की ह्या सुट्टीत हॅमस्टर आणू नको.

फिशटँकचं सोपं आहे. गोल काचेचं भांडं असेल तं मनी ते सहज पाडेल, दोन फुटांचा टँक भरला की पन्नाससाठ किलोचा होतो, तो हलत नाही. वर जाळीचं झाकण क्लिपनं बसवा अन पंपाची वायर मागून भिंतीलगत न्या, मनीला लोंबती वायर ओढायला लै आवडते.

मनीला मारू नका, मारानं ती फक्त तुमच्या नजरेआड शिकार करायला शिकते. पोट भरलेलं असलं तरी मांजर झडप घालतेच, ती खोड जायची नाही. पोरीला सांगा की संध्याकाळी दोरीला चिंधी बांधून मनीला दहा-पंधरा मिनिटं पळव अन मग दूधभाकर नाही तं मासळीचा तुकडा दे, म्हणजे ती खाऊन पडून राहील. अन मनी अन पाखराला जवळ बसवून दोस्तीची रील काढायची नाही, कितीही शांत मांजर असो.

उरलेल्या पाखराला थव्याची सवय असते, ते एकटं सुकतं, तेव्हा जोडीदार आणा, पण दार बसल्यावरच. अन आणलेलं पाखरू पहिला महिना दुसऱ्या खोलीत, वेगळ्या पिंजऱ्यात ठेवा, बाजारातून रोग येतात. रंग पोरीला निवडू द्या.