स्लॅबच्या दिवशी मला घरी पाठवतात

“ताई, मी फोंड्याची. सिव्हिल डिप्लोमा करून दोन वर्षे पर्वरीच्या एका इमारतीच्या साइटवर ज्युनिअर इंजिनिअर आहे. मोजमापे आणि बिले माझ्याकडे असतात. पण स्लॅबच्या दिवशी ‘रात्र होईल, तुम्ही निघा’ म्हणून साहेब मला घरी पाठवतात. माझ्यामागून आलेला मुलगा आता स्लॅब सांभाळतो आणि पुढच्या साइटचा इन्चार्ज म्हणून त्याचेच नाव घेतले जाते. भांडू, की नोकरी सोडू?”

नमस्कार. दोन्हींपैकी काहीही करण्याआधी, तुमच्या साइटवर स्लॅबला रात्र का होते, हे एकदा नीट पाहा. साधारण 40 घनमीटरचा स्लॅब म्हणजे सहा घनमीटरच्या मिक्सरच्या सात फेऱ्या. पंप लावून सकाळी आठला सुरुवात झाली आणि गाड्या वेळेवर आल्या, तर तो दुपारपर्यंत आटोपायला हवा. तो रात्रीपर्यंत लांबतो, कारण बहुतेक वेळा दहा वाजता इलेक्ट्रिशियन अजून पाइप टाकत असतो, बीमखाली कव्हर ब्लॉक ठेवायचे राहिलेले असतात, कुठे एखादा टेकू सैल निघतो, आणि हे सगळे उरकेपर्यंत पहिली गाडी फाटकाशी उभी असते.

म्हणून साहेबांकडे ‘मला स्लॅब द्या’ असे मागू नका. पुढच्या स्लॅबची आदल्या दिवसाची तपासणी मागा. सेंटरिंग, सळ्यांचे अंतर आणि जोड, कव्हर, पाइप हे सारे संध्याकाळी पाचपर्यंत तपासून पोअर कार्डावर सही करायची आणि ती झाल्यावरच आरएमसी प्लांटला सकाळची वेळ कळवायची. ज्याने तपासून सही केली, त्यानेच दुसऱ्या दिवशी स्लॅबवर उभे राहावे, हे साहेबांनाही नाकारणे अवघड जाईल. बिले कोण करणार, हा त्यांचा पुढचा प्रश्न असेल, तेव्हा त्या मुलाला मोजमापे शिकवण्याची तयारी दाखवा आणि स्लॅब दोघांत आळीपाळीने वाटून मागा. बिलांचे काम मात्र पुरते सोडू नका. ज्या इन्चार्जला बिल वाचता येत नाही, त्याला ठेकेदार सहज गुंडाळतो.

खरी परीक्षा स्लॅबवर होईल, आणि ती बहुधा पाण्यावरून होईल. काँक्रीट जरा घट्ट वाटले की मुकादम म्हणेल, “मॅडम, थोडे पाणी सोडू द्या, पोरांना ओढायला जड जाते.” तिथे वाद घालत बसू नका. डिझाइनमध्ये ठरलेल्यापेक्षा पाणी वाढणार नाही आणि स्लंप बसला नाही तर गाडी परत जाईल, हे आदल्या संध्याकाळीच साहेबांच्या तोंडून मुकादमाला ऐकवून ठेवा. प्रत्येक गाडीच्या चलनावर भरल्याची वेळ, रिकामी झाल्याची वेळ आणि स्लंप स्वतःच्या हाताने लिहा. आयएस 456 प्रमाणे 40 घनमीटरला चार नमुने लागतात, म्हणजे 28 दिवसांच्या चाचणीसाठी बारा क्यूब. ते तुमच्या देखरेखीखाली भरून त्यांवर तारीख आणि स्लॅबचे नाव घाला. निकाल हाती आला, की तुमच्या कामावर बोलण्यासारखे कागदावर काहीतरी असेल.

आता सोयींचे. पर्वरीहून फोंड्याला रात्री उशिरा बसच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही, म्हणून स्लॅब लांबलाच तर घरी सोडायला गाडी मिळेल, हे आधीच लेखी ठरवून घ्या आणि घरच्यांना ते दाखवा. स्वच्छतागृहाला आतून कडी आणि पाणी हवे. ते नसल्यामुळे दिवसभर पाणी न पिता उन्हात उभे राहणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. बूट तुमच्या मापाचे मागा आणि हार्नेसचे पट्टे अंगाला घट्ट बसतात का, ते घालून पाहा, कारण सैल हार्नेसमधून पडताना माणूस निसटू शकतो. या मागण्या एका ईमेलमध्ये, तारखेसह करा. नुसत्या टोमण्यांपलीकडे लैंगिक स्वरूपाचा त्रास झाला, तर दहा किंवा अधिक माणसे असलेल्या कामाच्या ठिकाणी 2013च्या कायद्याने अंतर्गत समिती असावीच लागते आणि तक्रार तीन महिन्यांच्या आत करावी लागते, एवढे ध्यानात असू द्या.

पावसाळ्यात स्लॅबच्या तारखा ढकलल्या जातात, म्हणून हे बोलणे मेच्या आत उरका. दोन स्लॅबांच्या पोअर कार्डांवर तुमची सही आली, की इन्चार्जच्या जागेबद्दल साहेबांना थेट विचारा: काय कमी आहे आणि ते कधीपर्यंत भरून काढायचे? उत्तर गोलमोल आले, किंवा मुळात एकही स्लॅब दिला गेला नाही, तर नोकरी जरूर बदला. पण नव्या ठिकाणी पगाराआधी, तिथे स्लॅबवर कोण उभे राहते, ते विचारा.