डिटर्जंट वाढवलं तरी थेंब वाढत नाहीत?

"ट्यूबच्या दोन खुणांमधल्या द्रवाचे थेंब मोजून डिटर्जंटच्या द्रावणांचा पृष्ठताण काढतोय. पाण्याचे ४० थेंब आले, ०.१ टक्क्याला ७०, ०.२ ला ८४, पण ०.३ आणि ०.४ लाही ८४-८५च. ग्राफ सरळ येत नाहीये, माझं कुठे चुकतंय? (वाशी, बीएससी)"

चुकलं नाहीये, उलट जे दिसायला हवं तेच दिसलंय, त्यामुळे ते रीडिंग खोडू नकोस.

आधी आकडे बघ. आपल्याकडे लॅबमध्ये ३० डिग्री धरलं तर पाण्याचा पृष्ठताण ७१.२ डाइन प्रति सेंमी, आणि इतक्या पातळ द्रावणाची घनता पाण्याइतकीच धरली तर चालते. मग ताण थेंबांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात येतो, ०.१ टक्क्याला ७१.२ × ४० ÷ ७०, म्हणजे साधारण ४०.७ आणि ०.२ ला ३३.९. डिटर्जंटचे रेणू पृष्ठभागावर जागा धरतात म्हणून ताण कमी होतो, थेंब लहान पडतो आणि तेवढ्याच द्रावणाचे थेंब जास्त होतात. पण एकदा पृष्ठभाग भरला की वरून घातलेले रेणू आतच एकमेकांना बिलगून गोळे करतात, त्यांना मायसेल म्हणतात, आणि मग ताण जवळपास तिथेच थांबतो. तुझ्याकडे ते ०.१ आणि ०.२ च्या मधे कुठेतरी होतंय, म्हणून ०.१२, ०.१५, ०.१८ अशी द्रावणं करून बघ, वळण नीट सापडेल. ग्राफला आडवा अक्ष लॉगमध्ये घेतलास तर आधी उतरती रेष आणि मग सपाट भाग असं स्पष्ट दिसतं.

आता एक गोष्ट मात्र तपास, पातळ द्रावणांचा वेग. थेंब भराभर पडत असेल तर रेणूंना नव्या पृष्ठभागापर्यंत यायला वेळच मिळत नाही, मग थेंब मोठे आणि कमी पडतात आणि ताण उगाच जास्त दिसतो. मी पिंचकॉक इतका आवळतो की तीन-चार सेकंदांना एक थेंब पडेल, आणि सगळ्या द्रावणांना तोच वेग ठेवतो. वेग अर्ध्यावर आणल्यावर आकडा बदलला तर आधीचा वेग जास्तच होता असं समज.

दुसरं म्हणजे मापायचं नेहमी पातळकडून दाट द्रावणाकडे. मी एकदा घाईत दाट आधी केलं, नंतर नुसत्या पाण्याचे ४० च्या जागी ४६ आले, काचेला चिकटलेलं डिटर्जंट दोनदा धुऊनही निघालं नव्हतं. म्हणून शेवटी ट्यूब धुऊन पाणी परत मोजायचंच, ४० च्या आसपास आलं नाही तर मधलं सगळं संशयास्पद. आणि द्रावणं डिस्टिल्ड वॉटरमध्येच कर, नळाच्या पाण्यातल्या क्षारांमुळे आकडे सरकतात. रबरी नळीने तोंडाने ओढू नकोस, बल्ब वापर, आणि वरच्या खुणेपाशी फेस असेल तर तो बसेपर्यंत थांब.

जर्नलमध्ये एवढं लिही की दाट द्रावणांचे आकडे अंदाजे आहेत. पाण्याचा थेंब आणि तुझा थेंब यांच्या आकारात दुपटीचा फरक आहे, टोकापासून सुटताना थेंबाचा जेवढा भाग मागे राहतो तो दोघांचा सारखा नसतो, आणि आपलं साधं सूत्र तो सारखाच धरतं.