५५९ आणि ५५८: दोन उलट चुका, जवळपास एकच रीऑर्डर पॉइंट

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात प्लॅनिंग ट्रेनीच्या जागेसाठी मुलाखत झाली. रीऑर्डर पॉइंटचं, म्हणजे साठा किती उरला की नवी ऑर्डर द्यायची त्या आकड्याचं, सूत्र मी बरोबर सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "फोरकास्ट चुकला तर या आकड्याचं काय होईल?" मी म्हटलं, "सेफ्टी स्टॉक वाढवावा लागेल." त्यावर ते नुसतं "बरं" म्हणाले आणि विषय बदलला. माझं काय चुकलं? आणि अशा कामासाठी आधी सॅपचा कोर्स करावा का?
— एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : फोरकास्ट दोन तऱ्हेने चुकतो आणि तुझं उत्तर त्यातल्या एकाच तऱ्हेला लागू पडतं. दुसऱ्या तऱ्हेच्या चुकीत सेफ्टी स्टॉक, म्हणजे अंदाजाबाहेरच्या खपासाठी ठेवलेला जादा साठा, वाढवणं म्हणजे ताप कशाचा आहे ते न बघता गोळी देणं. समोरच्याला बहुधा हाच फरक ऐकायचा होता. एक वस्तू घेऊन हिशेबच मांडू, म्हणजे पुढच्या वेळी तोंडी सांगता येईल.

६२०५ नंबरचं बेअरिंग घे. पंपात बसतं, सुट्या भागांच्या काउंटरवरही विकलं जातं, बाहेरून विकत येतं. समज, दर आठवड्याचा फोरकास्ट १२० नगांचा आहे आणि लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा काळ, ४ आठवडे. गेल्या ८ आठवड्यांत प्रत्यक्ष खप असा झाला: १३१, १०४, ११८, १४२, ९७, १२५, ११०, १३३. प्रत्येकातून १२० वजा कर: +११, −१६, −२, +२२, −२३, +५, −१०, +१३. बेरीज बरोबर शून्य. म्हणजे फोरकास्ट मधोमध बसलाय, खप त्याच्या आजूबाजूला हेलकावतोय. आता चिन्हं पुसून सरासरी काढ: १०२ भागिले ८, म्हणजे १२.७५. हाच मॅड, मीन ॲब्सोल्यूट डेव्हिएशन. चुका नेहमीच्या घंटाकृती वक्राप्रमाणे पसरल्या असतील, तर मॅडला १.२५ ने गुणलं की साधारण स्टँडर्ड डेव्हिएशन मिळतं. इथे ते १६ च्या आसपास येतं.

एक्सेलमध्ये B रकान्यात फोरकास्ट, C मध्ये खप, D मध्ये फरक ठेव. पहिलं सूत्र E2 मध्ये लिही, बाकीची दोन त्याखाली.

```
=SUMPRODUCT(ABS(D2:D9))/8
=SUM(D2:D9)/E2
=NORM.S.INV(0.95)*1.25*E2*SQRT(4)
```

तिसऱ्या ओळीचं उत्तर ५२ येतं. तो सेफ्टी स्टॉक. लीड टाइममधला खप ४ गुणिले १२०, म्हणजे ४८०. दोन्ही मिळून रीऑर्डर पॉइंट ५३२. गोदामातला साठा आणि वाटेवरची ऑर्डर मिळून ५३२ च्या खाली गेले की नवी मागणी काढायची. सूत्रातल्या ९५ टक्क्यांचा अर्थ नीट लक्षात ठेव, मुलाखतीत तो हमखास विचारतात: १०० वेळा माल मागवला तर सरासरी ९५ वेळा तो येईपर्यंत तुटवडा पडणार नाही. "९५ टक्के नग वेळेवर मिळतील" हे वेगळं माप आहे.

आता चूक घडवून बघू. उन्हाळा आला, शेतीपंपांचं काम वाढलं आणि खप दर आठवड्याला १८ नगांनी चढला. फोरकास्ट मात्र १२० वरच, कारण सेल्सने वर्षाच्या सुरुवातीला दिलेला आकडा कुणी हलवला नाही. हेलकावे पूर्वीइतकेच आहेत, फक्त सगळे फरक १८ ने वर सरकले: +२९, +२, +१६, +४०, −५, +२३, +८, +३१. मॅड १९.२५ झाला. सूत्र म्हणतं सेफ्टी स्टॉक ७९, रीऑर्डर पॉइंट ५५९. खरी गरज किती? ४ गुणिले १३८ म्हणजे ५५२, आणि हेलकाव्यांसाठी तेच ५२. एकूण ६०४. सेफ्टी स्टॉक निम्म्याहून जास्त वाढला तरी आपण ४५ नगांनी कमीच आहोत. लीड टाइममधल्या सरासरी खपावर शिल्लक उरते ती फक्त ७ नगांची. कागदावर ९५ टक्के लिहिलेलं असताना प्रत्यक्षात १०० पैकी जेमतेम ५९ वेळा निभावेल.

याच्या उलट कर. पावसाळा, खप १८ ने उतरला, फोरकास्ट पुन्हा १२० वरच. फरकांची चिन्हं बहुतेक उणे होतात, पण मॅड १९ येतो, सेफ्टी स्टॉक ७८ आणि रीऑर्डर पॉइंट ५५८. गरज होती ४०८ अधिक ५२, म्हणजे ४६०. इथे ९८ नग उगाच रॅकवर पडून राहतील.

दोन परिस्थिती एकमेकींच्या अगदी उलट, आणि सूत्राने दिलं ५५९ आणि ५५८. मॅड चिन्ह पुसतो, त्यामुळे त्याला दिशा कळत नाही. सेफ्टी स्टॉक हेलकाव्यांसाठी असतो. एकाच बाजूला झुकलेली चूक, म्हणजे बायस, तो भरून काढू शकत नाही, आणि लीड टाइम लांबेल तसं हे अंतर वाढत जातं. हेलकावे एकमेकांना अंशतः खोडतात, म्हणून ते लीड टाइमच्या वर्गमुळाने वाढतात: ४ आठवड्यांना दुप्पट. बायस काहीच खोडत नाही. १८ गुणिले ४, सरळ ७२.

मग दिशा कळणार कशी? त्यासाठी दुसरी ओळ आहे, ट्रॅकिंग सिग्नलची: फरकांची चिन्हांसकट बेरीज भागिले मॅड. पहिल्या स्थितीत ० येतो, उन्हाळ्यात +७.५, पावसाळ्यात −७.६. सॅपमध्ये ही मर्यादा सहसा ४ ठेवलेली असते. ती ओलांडली की फोरकास्ट चालवताना एक्सेप्शन मेसेज येतो, आणि तो बंद करून पुढे जाणारे प्लॅनर कमी नाहीत. मेसेज आला की आधी खपाची यादी उघडायची. एखाद्या प्रकल्पाची ३०० नगांची एकदाच आलेली ऑर्डर त्यात घुसली असेल तर तिला बाजूला काढायचं. तसं काही नसेल तर मॉडेल बदलायचं: स्थिर मॉडेलच्या जागी ट्रेंड किंवा हंगामी. मॅड त्यानंतर नव्याने काढायचा. जुना फुगलेला मॅड तसाच राहिला तर फोरकास्ट सुधारूनही सेफ्टी स्टॉक ७९ वर अडकून बसतो.

"खप बरोबर नोंदला आहे" हे या सगळ्यात गृहीत धरलंय, आणि खरी गडबड अनेकदा तिथेच असते. ईआरपीला, म्हणजे कारखान्याचे व्यवहार नोंदवणाऱ्या सॅपसारख्या प्रणालीला, मागणी दिसत नाही, स्टोअरमधून निघालेला माल दिसतो. रॅक चार दिवस रिकामा होता, गिऱ्हाईक १४० मागत होतं आणि दिले ४०, तर प्रणालीसाठी त्या आठवड्याची मागणी ४०. पुढचा फोरकास्ट उतरतो, रीऑर्डर पॉइंट उतरतो, तुटवडा आणखी वाढतो. ज्या आठवड्यांत साठा शून्यावर होता ते शोधायचे आणि सॅपच्या मटेरियल मास्टरमधल्या कन्झम्प्शनच्या पडद्यावर दुरुस्त केलेला आकडा भरायचा. त्यासाठी वेगळा रकाना दिलेला असतो.

दुसरी नेहमीची चूक एक्सेलवाल्यांची. ते सेफ्टी स्टॉक काढताना खपाचंच स्टँडर्ड डेव्हिएशन घेतात. फोरकास्ट कायम सपाट असेल तेव्हा ते चालतं. पण उन्हाळ्याचा चढ फोरकास्टने आधीच पकडला असेल, तर त्या चढासाठी पुन्हा साठा ठेवायचं कारण नाही. मोजायची ती फोरकास्टमधली चूक, खपातला चढउतार नाही.

आता पुरवठादार. माल कधी साडेतीन आठवड्यांत येतो, कधी साडेचार. लीड टाइमचं स्टँडर्ड डेव्हिएशन अर्धा आठवडा धर. मग ४ गुणिले १६ चा वर्ग, अधिक १२० चा वर्ग गुणिले ०.५ चा वर्ग, आणि या बेरजेचं वर्गमूळ, म्हणजे ६८. त्याला ९५ टक्क्यांसाठीच्या १.६४५ ने गुणलं की सेफ्टी स्टॉक ११२. फोरकास्ट जसाच्या तसा, तरी आकडा ५२ वरून ११२ वर गेला. असं दिसलं की फोरकास्टचं मॉडेल घासत बसण्यापेक्षा परचेसवाल्यांशी बोलणं जास्त फायद्याचं. सॅपच्या आपोआप चालणाऱ्या सूत्रात मॅड आणि लीड टाइम आहेत, उशिराच्या चढउताराला जागा नाही. शिवाय लीड टाइम भरतानाही लोक चुकतात: नियोजित डिलिव्हरी कॅलेंडर दिवसांत, माल तपासून आत घ्यायचा वेळ कामाच्या दिवसांत. दुसरा रकाना रिकामा सोडला की तपासणीचे तीन दिवस कुठेच मोजले जात नाहीत.

कोर्सबद्दल. क्लासवाल्यांना एकच गोष्ट विचार: `MM02` मध्ये एमआरपी प्रकार `VM` ठेवून, `MP30` ने फोरकास्ट चालवून, रीऑर्डर पॉइंट बदललेला दाखवाल का? `VM` मध्ये प्रणाली हा आकडा स्वतः काढते, `VB` मध्ये तो हाताने भरायचा असतो. नुसते पडदे भरायला शिकवणार असतील तर सध्या थांब. मुंबईत बनलेलं ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स आहे. त्यात `Itemwise Recommended Reorder Level` नावाचा अहवाल मिळतो. तो रोजचा सरासरी खप लीड टाइमने गुणून त्यात सेफ्टी स्टॉक मिळवतो, आणि तो सेफ्टी स्टॉक तू स्वतः भरायचा असतो. शिकायला हे बरं, कारण मॅडचा हिशेब तुलाच करावा लागतो. वरचे तीनही प्रसंग त्यात बसवून बघ, दोन रविवार पुरतात.

एक मर्यादा मुलाखतीत स्वतःहून सांग. तीन महिन्यांतून एखादा नग लागणारा शाफ्ट किंवा मोठा इम्पेलर असेल तर हे सूत्र लावायचं नाही. खपाच्या यादीत बहुतेक शून्यं आणि मधेच १ किंवा २ असेल, तर चुकांचा घंटाकृती वक्र बनतच नाही, आणि १.२५ व १.६४५ दोन्ही निरर्थक ठरतात. तिथे लीड टाइमएवढ्या कालावधीत आजवर जास्तीत जास्त किती नग गेले ते मोजतात, मशीन बंद पडली तर नुकसान किती ते विचारतात, आणि एक ठेवायचा की दोन हे माणूस ठरवतो.